निकेल-कॅडमियमची ‘मेमरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मेमरी इफेक्ट हा बहुतांशी गैरसमज आहे, हे पटले नाही. आमच्या सोसायटीच्या वॉकी-टॉकीची बॅटरी दोन तासांतच मान टाकत होती. एकदा पूर्ण उतरवून चार्ज केली, तर सुधारली. मग ही मेमरी नव्हे तर काय?’

नमस्कार. निकेल-कॅडमियमचा सेल दर वेळी अर्धवटच उतरवून भरला की तो तेवढीच क्षमता ‘लक्षात ठेवतो’, या समजुतीला मेमरी इफेक्ट म्हणतात; तो बहुतांशी गैरसमज आहे असे मी लिहिले होते, त्यावर आपली ही प्रतिक्रिया. बॅटरी सुधारली याविषयी मला शंका नाही. मतभेद आहे तो कारणाबद्दल. खरी मेमरी दिसायला सेल दर वेळी नेमका तितकाच उतरावा लागतो आणि ओव्हरचार्ज न होता भरावा लागतो. उपग्रहांवर, जिथे सावलीत जाण्याचे वेळापत्रक ठरलेले असते, तिथे हे घडू शकते. रखवालदाराचा सेट मात्र आज अर्धा तास बोलतो, उद्या तीन तास, आणि उरलेला सगळा वेळ केबिनमधल्या चार्जिंग स्टँडवर बसून असतो. माझ्या मते गुन्हेगार तो स्टँडच आहे.

आमच्या दादरच्या इमारतीतला असाच पॅक मी तपासला होता: सहा सेल, 7.2 व्होल्ट, 600 मिलिअँपिअर-तास. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 56 ओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टर जोडला आणि मीटर लावून बसलो. दोन तास व्होल्टेज 7.2 च्या आसपास होते. मग ते पायरी उतरावी तसे 6.45 वर आले. सेट 6.6 व्होल्टलाच बंद पडत असल्याने त्याच्या लेखी बॅटरी संपली होती. रेझिस्टर तसाच ठेवल्यावर ती या खालच्या पायरीवर आणखी अडीच तास चालली. पहिल्या टप्प्यात सुमारे 260 आणि दुसऱ्यात 290, म्हणजे एकूण 550 मिलिअँपिअर-तास निघाले. क्षमता जवळजवळ शाबूत होती, फक्त तिचा अर्धा भाग दर सेलमागे सव्वाशे मिलिव्होल्ट खाली सरकला होता. हेच व्होल्टेज डिप्रेशन.

सेल भरल्यावरही प्रवाह चालू राहिला की तो गरम राहतो, कॅडमियमच्या पट्टीवरचे बारीक कण मोठ्या स्फटिकांत बदलतात आणि विक्रियेला मिळणारा पृष्ठभाग घटतो. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी तापवून घट्ट केलेल्या, पट्टीत निकेल-कॅडमियमचा मिश्रधातूही तयार होतो, जो कमी व्होल्टेजलाच उतरतो. सेल खोलवर उतरवून पुन्हा भरला की हे बदल बरेचसे मोडतात, म्हणून आपला उपाय लागू पडला.

मात्र ‘पूर्ण’ म्हणजे शून्यापर्यंत नव्हे. सहा सेलांच्या पॅकला 6 व्होल्टला थांबावे, कारण त्यापुढे सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून उलट प्रवाह ढकलतात आणि आत वायू साठून सेल कायमचा बिघडतो. तसेच पॅक पूर्ण चार्ज होऊनही व्होल्टेज सुरुवातीपासूनच सुमारे सव्वा व्होल्टने कमी दिसले, तर एक सेल शॉर्ट झालेला असण्याची शक्यता जास्त. तिथे कितीही वेळा उतरवून उपयोग नाही.

आपल्या स्टँडला साधा टायमर लावून चौदा ते सोळा तासांनी वीज तोडता आली, तर ही पायरी लवकर परत दिसणार नाही.