डुकराचा जोडीदार

इंग्रजीत तीन अक्षरांचे, मधे ऱ्हस्व स्वर असलेले आणि वर चित्रही काढता येईल असे शब्द फार नाहीत. मुलगी सीनिअर केजीत जाईपर्यंत मला हे माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. आता मात्र त्या मंडळींची अख्खी मतदारयादी मला पाठ आहे. हेन, पिग, जग, मग, कॅप, नेट, विग. फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवण्याचा, सुरुवातीचा सगळा संसार या मोजक्या लोकांवर चालतो. त्यामुळे नाशिकच्या इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीला येता-जाता याक भेटतो. तिने याक पाहिलेला नाही. तिच्या बापानेही नाही. पण 'वाय'चा आवाज घेऊन येणारं दुसरं सोपं जनावर सापडत नाही, म्हणून तो बिचारा हिमालय उतरून आमच्या डायनिंग टेबलावर येतो. आणि झेरॉक्समध्ये त्याचा नुसता काळा डाग उरतो, दोन शिंगं असलेला.

झेरॉक्स हे या दुखण्याचं एक मूळ. मिस वर्कशीटची पीडीएफ ग्रुपवर टाकतात तेव्हा ती रंगीत असते. मोबाइलवर बघताना मॅट लाल दिसते, जॅम जांभळा दिसतो, सगळं कसं स्वच्छ. आमचा झेरॉक्सवाला ती काळ्या-पांढऱ्यात काढतो आणि कागद वाचवायचा म्हणून एका पानावर दोन पानं बसवतो. मग एकेक चित्र अंगठ्याच्या नखाएवढं होतं, आणि जॅमची बाटली, शाईची दौत आणि औषधाची बाटली ही तिन्ही एकाच आईची लेकरं वाटायला लागतात.

पहिला प्रकार असतो सुरुवातीच्या आवाजाचा. चित्र बघायचं, त्याचं नाव मनात म्हणायचं आणि पहिला आवाज ज्या अक्षराचा असेल ते अक्षर खालच्या रेघेवर लिहायचं. अक्षराचं नाव नाही, आवाज. म्हणजे 'एच' नव्हे, 'ह्'. तोही 'ह' म्हणून लांबवायचा नाही, अर्धाच सोडून द्यायचा. बाराखडीवर पोसलेल्या आमच्या आईला हे अर्धवट बोलणं अजिबात पसंत नाही. "अरे, अक्षर कसं पूर्ण म्हणावं," असं तिचं म्हणणं. पण ब, ॲ, ट असे तिन्ही आवाज पूर्ण म्हणून जोडले तर 'बॅट' होत नाही, काहीतरी 'बअॲटअ' होतं, म्हणून मिसचा हा आग्रह बरोबरच आहे.

तर परवाच्या कागदावर पहिलंच चित्र कोंबडीचं. पोरीने क्षणात 'सी' लिहिलं. का, तर चिकन. मिसना हवा होता 'एच', कारण हेन. दुसरं चित्र गाडीचं. तिने 'एस' लिहिला. ती ज्या गाडीतून रोज शाळेत जाते तिला आमच्या घरात 'स्कूल व्हॅन' म्हणतात, नुसती व्हॅन कुणीच म्हणत नाही. आमचे अण्णा दिंडोरीकडे द्राक्षं करतात. त्यांनी चष्मा वर करून ते चित्र बघितलं आणि म्हणाले, "हा तर छोटा हत्ती." त्यांच्या हिशेबाने उत्तर 'छ' आलं असतं, आणि ते सीएचमध्ये गेलं असतं.

तिसरं चित्र छातीच्या एक्स-रेचं. आता इथे मजा अशी आहे की इंग्रजीत 'एक्स'चा खरा आवाज, 'क्स्', शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही. तो येतो शेवटी, फॉक्स, बॉक्समध्ये. झायलोफोनमध्ये अक्षर एक्स असलं तरी आवाज 'झ्' निघतो. आणि एक्स-रे म्हणताना तोंडातून सगळ्यात आधी काय बाहेर पडतं? 'ए'. पोरीने नीट म्हणून बघितलं, स्वतःच्याच तोंडाकडे लक्ष दिलं आणि 'ई' लिहिला, अंड्यातला. कानाने ऐकून लिहिणारं मूल हेच लिहिणार. कागदावर लाल फुली आली.

अशा आणखीही जागा आहेत. 'जी'साठी जिराफ, 'आय'साठी आइस्क्रीम, 'ओ'साठी घुबड, 'यू'साठी युनिकॉर्न. या सगळ्यांचं स्पेलिंग त्या अक्षराने सुरू होतं, पण जो आवाज वर्गात शिकवलाय त्याने होत नाही. जिराफाचा आवाज 'जे'चा. वर्कशीट करणाऱ्याने फक्त स्पेलिंग बघितलं, स्वतः शब्द म्हणून बघितला नाही, हे असं चित्र दिसलं की समजावं.

दुसरा प्रकार यमकाच्या जोड्यांचा. माझं खरं वैर याच्याशी. डावीकडे चार चित्रं, उजवीकडे चार, मधे मोकळी जागा आणि "शेवट सारखा ऐकू येईल त्याला रेघ जोडा". नावं कुठेच लिहिलेली नाहीत, कारण मुलांनी कानाने ओळखायचंय. आमच्या कागदावर डावीकडे होते टोपी, डबा, किडा आणि डुक्कर. उजवीकडे एक अंथरलेलं काहीतरी, टेबलफॅन, घड्या पडलेला एक कागद आणि एक केसाळ गोष्ट.

केसाळ गोष्टीवर घरात तीन मतं पडली. आईच्या मते शेवया. पोरीच्या मते पक्ष्याचं घरटं. माझ्या मते झेरॉक्स मशिनला टोनर कमी पडला होता. घड्यांच्या कागदाला अण्णा ठामपणे म्हणाले, "सातबारा." त्यावर वाद नको म्हणून तो आम्ही सातबाराच धरला आणि पुढे निघालो.

पोरीने टोपीपासून सुरुवात केली. हॅट. उजवीकडे अंथरलेली मॅट. हॅट, मॅट. सुरेख यमक. तिने ठसठशीत रेघ मारली आणि माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने बघितलं. यात खोड काढायला जागाच नव्हती. पण ती रेघ मारल्याबरोबर डावीकडचा किडा एकटा पडला. किड्याला अँट म्हणा, बग म्हणा, इन्सेक्ट म्हणा, पंख्याशी, सातबाराशी किंवा शेवयांशी त्याचं काही जुळेना.

इथे मला या कागदांची खरी चावी सापडली. हे कोडं वरून खाली सोडवायचंच नाही. ज्या चित्राला एकच नाव आहे तिथून धरायचं. इथे ते म्हणजे टेबलफॅन. त्याला फॅनशिवाय काही म्हणता येत नाही. मग डावीकडे 'ॲन'ने संपणारं काय? डब्याला टिन म्हटलं तर नाही, कॅन म्हटलं तर जमतं. म्हणजे डबा हा कॅन. आता डुक्कर. पिग किंवा हॉग. हॉग धरला तर उजवीकडे लॉग नाही, फॉग नाही, काहीच नाही. पिग धरला तर बिग, डिग, विग... विग! शेवयांचा उलगडा झाला. उरले टोपी आणि किडा, आणि समोर अंथरूण आणि सातबारा. किडा बग असेल तर अंथरलेलं ते मॅट नव्हे, रग. मग टोपीला राहिला सातबारा. हॅट, सातबारा? नाही. टोपी कॅप, म्हणून कागद मॅप. अण्णा तेवढ्यात म्हणाले, "मग नकाशा म्हणायचं ना. गटाचा नकाशा. मी तेच सांगत होतो."

आईची अडचण वेगळी होईल असं मला वाटलं होतं. ती कॅनला 'क्यान' म्हणते आणि फॅनला 'फ्यान'. पण यमकाला त्याचं काही वाटत नाही. क्यान-फ्यान, क्याप-म्याप, सगळं चोख जुळतं, कारण दोन्हीकडे उच्चार सारखाच वाकतो. आईच्या तोंडून जोडी मोडत नाही. जोडी मोडते ती नावात, रगला मॅट म्हटलं की.

आणि हा काही फक्त आमच्या घरातला घोळ नाही. 1980 साली स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट या दोन संशोधकांनी 260 साध्या रेखाचित्रांचा एक संच प्रसिद्ध केला, आणि तो करताना लोकांना एकेक चित्र दाखवून विचारलं, याला तुम्ही काय म्हणाल? किती लोक एकच नाव घेतात हे प्रत्येक चित्राच्या पुढे नोंदलं. कुठल्या चित्रावर सगळ्यांचं एकमत होतं आणि कुठल्यावर चारजण चार नावं घेतात, हे त्यातून दिसतं. पुढे इतर भाषांमध्येही असे आकडे काढले गेले. म्हणजे चित्र देण्याआधी चार माणसांना विचारून बघायचं असतं, हे लोकांना माहीत आहे. वर्कशीट करणारा उलट्या टोकाने येतो. त्याच्याकडे आधी शब्द असतो, रग, आणि तो रगचं चित्र शोधतो. त्याला त्या चित्रात दुसरं काही दिसणंच शक्य नाही. पोराकडे फक्त चित्र असतं.

मी शाळेत भेटायला गेलो तेव्हा सोबत तो कोंबडीचा कागद नेला. मिस चांगल्या आहेत, लगेच म्हणाल्या, "सर, तिने कोंबडीला काय म्हटलं ते मी विचारायला हवं होतं. चिकन म्हणून सी लिहिलं असेल तर कान बरोबर आहे तिचा. आता पुढचं, सी-एच मिळून एक आवाज होतो, ते आम्ही पुढच्या टर्मला घेतो." मी विचारलं, "आणि चिकन म्हणून एच लिहिला असता तर?" त्या म्हणाल्या, "मग मात्र काळजी करा. उत्तर बरोबर आणि आवाज चूक. वर्गात असे बरेच आहेत, बाजूच्याचं बघून लिहितात." एक्स-रेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण 'ई'वरची लाल फुली त्यांनी पेनने गिरवून गिरवून तिचं फूल करून टाकलं.

तेव्हापासून पद्धत बदलली आहे. रविवारी पीडीएफ आली की मागोमाग मिसची व्हॉइस नोट येते. त्यात त्या फक्त चित्रांची नावं सांगतात, उत्तरं नाही. यमक मुलांनीच शोधायचं. ही फार शहाणी सोय आहे, कारण काम कानाचं आहे, डोळ्यांचं नाही. काल रात्री आम्ही चौघं मोबाइलभोवती बसून ऐकत होतो. "पहिलं चित्र लॉग. दुसरं नेट. तिसरं जेट, प्लेन नाही म्हणायचं. चौथं..." मग कागद चाळल्याचा आवाज आला, मग मिसच्या घरातलं कुणीतरी म्हणालं, "दाखव बघू," मग बरीच कुजबुज झाली, कुणीतरी "पोळपाट" म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं, आणि व्हॉइस नोट तिथेच संपली.