मरणाची आठवण आणि संस्कृती: तो फॉरवर्ड अर्धाच आहे

“मृत्यूची आठवण झाली की माणूस नम्र होतो, हे सायन्सनं सिद्ध केलंय, खरं का?”

नाही हो काका, जवळजवळ उलटंच आहे. 1989 च्या प्रयोगात अमेरिकेत 22 न्यायाधीशांपैकी निम्म्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलं, मग सगळ्यांना वेश्याव्यवसायाची एकच केस दिली, तर बाकीच्यांनी जामीन सरासरी 50 डॉलर ठेवला आणि मरणावर लिहिणाऱ्यांनी 455! म्हणजे आपल्या नीतीनियमांचा, आपल्या माणसांचा अभिमान घट्ट होतो, नियम मोडणाऱ्यावर राग वाढतो. आपल्या इंदूरच्या रामबाग मुक्तिधामातून परतताना “आजकालची पोरं मराठी बोलत नाहीत” सुरू होतं ना, मला तेच आठवलं (हा माझा अंदाज, पुरावा नाही). आणि “सिद्ध” तर नकोच, कारण पुढे 21 लॅबनी मिळून यातलाच देशाभिमानाचा एक जुना प्रयोग परत केला तेव्हा तो परिणाम दिसलाच नाही.