बेकार म्हणजे आळशी? मग 2009 साली अख्खी अमेरिका आळशी झाली होती का?

"2010 मध्ये अमेरिकेचा जीडीपी वाढला, तरी बेकारी 9.3 वरून 9.6 टक्क्यांवर गेली! म्हणजे उत्पादन आणि नोकऱ्यांचा काही संबंध नाही. आउटपुट गॅप हे अर्थतज्ज्ञांचं थोतांड आहे. काम करायचं असेल त्याला काम मिळतंच, आळशी तेवढे बेकार राहतात. पटलं तर पुढे पाठवा."

आमच्या मामांना पटलं. त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. त्याच ग्रुपवर माझा भाचा आहे. त्याच्या कारखान्यातली दुसरी पाळी बंद झाली आणि तो चार महिन्यांपासून घरी आहे. त्याने ते वाचलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आळशीपणाचंच आधी घेऊ. डिसेंबर 2007 मध्ये अमेरिकेत बेकारी 5 टक्के होती, ऑक्टोबर 2009 मध्ये 10 टक्के. बेकारांची संख्या सुमारे 77 लाखांवरून दीड कोटीच्या वर गेली. दोन वर्षांच्या आत एवढ्या लोकांना एकदम आळस चढला? शिवाय तिथल्या व्याख्येनुसार गेल्या चार आठवड्यांत ज्याने काम शोधलं तोच बेकार धरला जातो, नुसता पडून राहिलेला नाही. आणि मंदीपूर्वी एका रिकाम्या जागेमागे दोनपेक्षा कमी बेकार होते, ते 2009 च्या मध्यात सहाच्या वर गेले. संगीत खुर्चीत सहा जण आणि खुर्ची एक असेल, तर कितीही चपळ असा, पाच जण उभे राहणारच. खुर्च्या कुणी काढल्या, हा प्रश्न आहे.

त्या काढल्या मागणीच्या घसरणीने. देशातली माणसं आणि यंत्रं नेहमीच्या वेगाने, महागाई न भडकवता जेवढं उत्पादन काढू शकतात ते संभाव्य उत्पादन. प्रत्यक्षातलं त्यापेक्षा जेवढं कमी किंवा जास्त, ती टक्केवारी म्हणजे आउटपुट गॅप. ही टक्केवारी मोजमापाने मिळत नाही, अंदाजाने काढावी लागते, आणि अंदाज नंतर बदलतात, हे खरं. पण अंदाजाने काढलेली गोष्ट थोतांड ठरत नाही.

गॅप आणि बेकारी यांचं नातं आर्थर ओकन या अर्थतज्ज्ञाने 1962 मध्ये आकड्यांत मांडलं. त्याच्या हिशोबात बेकारी 4 टक्क्यांच्या वर एका अंकाने गेली, की उत्पादन संभाव्य पातळीपेक्षा सुमारे 3 टक्के खाली असे. अलीकडच्या अमेरिकेत हे प्रमाण दोनाच्या आसपास धरतात. एकास एक का नाही? कारण मालक आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग पाळी तोडतो, हातचा कुशल कामगार शक्यतो सोडत नाही. शेवटी माणूस काढतो. काढलेल्यांतले काही जण शोधणंच सोडतात आणि बेकारांच्या मोजणीतून बाहेर पडतात. त्यामुळे उत्पादन जेवढं घसरतं, बेकारी तेवढी वाढलेली दिसत नाही.

आता 2010 ची ती 'जादू'. 9.3 आणि 9.6 हे आकडे बरोबर आहेत, पण ती वर्षाची सरासरी आहे. 2009 च्या जानेवारीत बेकारी 7.8 होती, डिसेंबरात 9.9. म्हणून त्या वर्षाची सरासरी कमी भरली. 2010 च्या जानेवारीत ती 9.8 होती आणि डिसेंबरात 9.3. म्हणजे जीडीपी वाढला त्या वर्षात बेकारी अर्ध्या अंकाने उतरली, चढली नाही. एवढीच का उतरली? संभाव्य उत्पादनही दरवर्षी वाढतं, कारण नवी माणसं कामाला येतात, यंत्रं सुधारतात. तो वेग दीड-दोन टक्के धरा. प्रत्यक्ष वाढ झाली अडीच टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे जास्तीची वाढ एका टक्क्याच्या आसपास. त्याचं निम्मं करा, अर्धा अंक येतो. जीडीपी वाढला एवढ्याने भागत नाही, तो संभाव्य उत्पादनापेक्षा वेगाने वाढावा लागतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो: भारतात हे नातं ढिलं दिसतं. 2020-21 मध्ये आपला जीडीपी घसरला, तरी सरकारी श्रमबल सर्वेक्षणात वार्षिक बेकारी 4.8 वरून 4.2 टक्क्यांवर आली. मामांना हे सापडलं नाही, हे नशीब. पण त्याच सर्वेक्षणात शेतीतल्या कामकऱ्यांचा वाटा 2018-19 च्या 42.5 वरून 2020-21 मध्ये 46.5 टक्क्यांवर गेलेला दिसतो. बेकार राहणं आपल्याकडे बहुतेकांना परवडतच नाही. शहरातलं काम गेलं की माणूस गावी जातो आणि जिथे तिघांचं काम आहे तिथे चौथा उभा राहतो. गॅप असते, पण ती बेकारीच्या आकड्यात न दिसता मिळकतीत दिसते.

भाचा हल्ली वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. पगार नाही. उद्या सर्वेक्षणवाले दारात आले, तर घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस म्हणून त्याची नोंद 'रोजगारात' होईल.