भिंत पाडली, तर बाग कोण झाडणार?

‘आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास होतोय. आर्किटेक्ट बाई म्हणतात, शेजारच्या सोसायटीची भिंत पाडा, दोन्ही प्लॉट एकत्र करा आणि मधे एकच बाग ठेवा. आमच्या जागेत दुसऱ्यांची पोरं का खेळवायची? तुमच्या सिंगापूरला असं चालतं का रे?’ (मुलुंडहून मावशी)

मावशी, दोन्ही कमिट्यांसमोरचं बाईंचं भाषण मी इथून ऐकलं. सौंदर्यावर त्या एक वाक्यही बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ मापं मांडली. तुमचा प्लॉट तीस मीटर बाय तीस मीटर, म्हणजे 900 चौरस मीटर, आणि शेजारचाही तेवढाच. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास नियमावलीत हजार चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला बागेची जागा सोडावी लागत नाही. एकत्र केल्यावर 1,800 होतात आणि पंधरा टक्के, म्हणजे 270 चौरस मीटर, सोडावे लागतात. ‘म्हणजे आपण होऊन बंधन ओढवून घ्यायचं?’ असं सेक्रेटरींनी लगेच विचारलं. प्रश्न रास्तच होता.

बाईंचं उत्तर भिंतीत होतं. वेगवेगळे टॉवर उभे राहिले, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर सोडावे लागतील. बारा गुणिले तीस, म्हणजे 360 चौरस मीटर. तिथे ना बाग होणार ना खेळ, फक्त गाड्या आणि पाण्याचे टँकर. एकच इमारत बांधली तर मधला हा पट्टा उरतच नाही, आणि 270 ची बाग त्यातूनच निघते.

त्यावर शेजारच्या सोसायटीचे खजिनदार बोलले. हे गृहस्थ निवृत्त इंजिनिअर आहेत आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, ‘सहा मीटर सोडतो कोण? बिल्डर महापालिकेला प्रीमियम भरून सूट घेईल. दोन्हीकडचे मिळून सात मीटर उरले, तर 210 च होतात. मग तुमची बाग आमच्या बांधकामाच्या जागेतून जाते.’ बाई थांबल्या. ‘हो, तसं होऊ शकतं. पण अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता सुटत नाही, आणि तो दोनदा करण्यापेक्षा एकदाच केलेला बरा,’ असं त्या म्हणाल्या. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं, पण हिशेब काही मिटला नाही.

सेक्रेटरींनी सुचवलं, ‘बाग पोडियमवर करू, खाली गाड्या.’ हे अर्धंच खरं आहे. चाळीस टक्केच वर चालतात. 270 पैकी निदान 162 जमिनीवर लागतात आणि त्यातले 81 तरी खऱ्या मातीवर, खाली तळघर नसलेल्या. तेव्हा नकाशावरच्या हिरव्या रंगावर विसंबू नका. त्या हिरव्याखाली तळघराची रेघ जाते का, आणि अग्निशमनाचा रस्ताही हिरवा रंगवलाय का, एवढं बोट ठेवून विचारा. (तुमच्या मजल्यावरचे काका मधेच बाथरूमच्या गळतीबद्दल बोलत राहिले. नवी इमारत झाल्यावर त्यांची गळती आपोआप जाईल, पण ते त्यांना कोणी सांगितलं नाही.)

आता सिंगापूर. इथे सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. शनिवारी तिथे मलय लग्न असतं, तर एखाद्या आठवड्यात चिनी कुटुंबाची अंत्ययात्रेची तयारी. पोरं फुटबॉल खेळू लागली की पाटी लागते. भांडणं इथेही होतात. पण त्याचं उदाहरण तुम्हाला देऊन मी मोकळा होणार नाही, कारण ही जमीन रहिवाशांची नाही. घरं गृहनिर्माण मंडळाची, आणि झाडणं, दिवे, लिफ्ट हे सगळं टाउन कौन्सिल पाहतं. त्यासाठी प्रत्येक घराकडून दर महिन्याला शुल्क घेतलं जातं. इथलं अंगण टिकलंय ते शेजारधर्मामुळे नव्हे, तर त्या मासिक पावतीमुळे.

तुमच्याकडे ती पावती ठरलेली नाही, आणि बाईंच्या भाषणातली कमतरता मला इथेच दिसली. बाग दोघांची झाली, तर माळी कुणाचा, पाणी कुणाच्या मीटरवर, रात्री फाटक किती वाजता बंद, हे कोण ठरवणार? एकत्र बिल्डिंगची एकच सोसायटी होणार असेल तर निम्मे प्रश्न सुटतात, पण त्यासाठी दोन्ही सर्वसाधारण सभांनी स्वतंत्र ठराव करायला हवेत, आणि जमिनीचं हस्तांतर, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणं, दोघांचंही पक्कं हवं. तुमचं झालंय. शेजारच्यांचं अजून अडकलेलं आहे, असं खजिनदारच म्हणाले. त्यांचं काम वर्षभर लांबलं तर तुम्हीही तेवढेच लटकाल.

तरी मी भिंत पाडायच्या बाजूने आहे. पण होकाराबरोबर तुमच्या करारात तीन गोष्टी मागा: मातीवरची जागा मापांसह रेखाटलेला नकाशा, तो सोसायटीच्या ठरावाशिवाय बदलता येणार नाही असं वाक्य, आणि देखभालीचा वाटा. तिसऱ्यावर सेक्रेटरी कुरकुरतील. शेजारच्यांचे हस्तांतराचे कागद पाहिल्याशिवाय मात्र सही करू नका.