धडधड ते दावा

आमच्या घरात वॉशिंग मशीनबद्दल तीन आठवडे तक्रार चालू होती, पण ती फक्त मशीनपुढेच. "हे बघा, परत धडधडतंय!" असं सांगून भागत नाही, कारण मशीनला ईमेल नाही. कंपनीला आहे. पण तिला 'धडधडतंय' कळत नाही. तिला 'स्पिन' कळतं.

म्हणून आधी मशीनला बोलतं करायचं. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवला. खरखर आली. ड्रमची पुढची कड धरून वर-खाली हलवली, तर दुखऱ्या दातासारखी हलली. मग कपडे न घालता नुसतं स्पिन लावलं, आवाज तसाच. म्हणजे हा चादरींच्या ओझ्याचा किंवा फरशीच्या उताराचा दोष नव्हे, बेअरिंगचा संशय पक्का. हे तिन्ही मोबाईलवर टिपलं. एरवी आमच्या घरात व्हिडिओ फक्त मुंजीचेच निघतात.

मग पत्र. 'तुमचं मशीन भंगार आहे' हे वाक्य मनाला फार थंडावा देतं, पण मुद्दा तिथेच संपतो. मी लिहिलं: 'मॉडेल व सिरियल क्रमांक (स्टिकरचा फोटो सोबत), खरेदी 14 जानेवारी 2024, बिल सोबत, वॉरंटी 2 वर्षं. 3 नोव्हेंबर 2025 पासून प्रत्येक स्पिनला खरखर; रिकाम्या ड्रमसहही. ड्रमला ढिलेपणा आहे. मशीन सपाट जमिनीवर, स्टँडशिवाय आहे. तपासणी करून वॉरंटीत मोफत दुरुस्ती करावी. तक्रार क्रमांक कळवावा.' 'स्टँडशिवाय' हा शब्द मुद्दाम घातला, कारण सगळा दोष स्टँडच्या डोक्यावर मारायची मेकॅनिकला फार हौस.

फोनवर तक्रार नोंदवली तरी हे ईमेलने पाठवायचंच. वॉरंटी संपायला दोन महिने आणि पार्ट यायला तीन महिने, अशी गंमत झाली तर दोष मुदतीत कळवला होता, हे दाखवायला तारखेचा कागद लागतो.

मेकॅनिक आले. त्यांनी ड्रम एकदाच फिरवला आणि म्हणाले, "काका, कपडे जास्त टाकता." मी रिकाम्या ड्रमचा व्हिडिओ पुढे केला. ते गप्प झाले. "बेअरिंग मागवावं लागेल. ओटीपी आलाय ना? सांगा."

इथेच माणूस फसतो. चहा दिलेला असतो, नाही म्हणवत नाही, आणि ओटीपी दिला की तिकडे तक्रार 'निकाली' निघते. मी म्हटलं, "आता जॉबशीटवर दोष लिहा. ओटीपी पार्ट बसल्यावर, एक स्पिन ऐकून." त्यांनी नाराजीने 'ड्रम बेअरिंग नॉइज, पार्ट पेंडिंग' लिहिलं. मी फोटो काढून त्याच ईमेलला जोडला. तारीख, सही, सगळं.

"कुणाला पाठवताय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच लोकांना."

"मग चहा अजून अर्धा कप टाका," ते म्हणाले.