मथळ्यातून 'केली' गेली, की 'पोलिसांनी'चं 'पोलिसांकडून' होतं

ग्रुपवर फिरणारा दावा असा: "पेपरचे मथळे म्हणजे व्याकरणाचा खून. इंग्रजीवाले ए-द गाळतात, मराठीवाले क्रियापदच खातात. क्रियापद नाही तर वाक्य नाही. मुलांना असलं वाचायला देऊ नका."

क्रियापदाशिवाय मराठी अडत नाही. 'हा माझा भाऊ', 'त्याचं गाव निपाणी' ही रोजची पुरी वाक्यं आहेत. शेजारच्या कन्नडातही 'इदु नम्म मने' एवढ्यावर भागतं. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा कानावर पडतात, तेव्हा याचं नवल वाटायला नको.

आता मथळा घेऊ: 'पोलिसांकडून दोघांना अटक'. बातमीत हेच 'पोलिसांनी दोघांना अटक केली' असं येईल. मथळ्यातून 'केली' गेलं, पण नुसतं तेवढंच खोडलं तर उरतं 'पोलिसांनी दोघांना अटक', आणि ते कुठलाही उपसंपादक छापणार नाही. कारण 'नी' लागलेला कर्ता 'केली'सारख्या क्रियापदाची वाट बघतो. ते येणार नसेल तर कर्त्याला 'कडून' किंवा 'चा-ची-चे' लावावं लागतं: 'पालिकेची व्यापाऱ्यांना नोटीस'. म्हणजे मथळ्यात गृहीत धरलेलं क्रियापद बहुधा 'आहे', 'झाली', 'आली' असलं असतं, 'केली' नव्हे. 'मुख्यमंत्री आज दिल्लीला' यात मात्र 'ला'वरून जाणं कळतं. ज्याला नियमच नाहीत, त्यात चूक काढता आली नसती.

विभक्ती मात्र गाळून चालत नाही. 'हिडकलमधून विसर्ग, घटप्रभेकाठी इशारा' वाचून पाणी कुठून निघालं आणि सावध कुणी व्हायचं ते समजतं. 'हिडकल विसर्ग, घटप्रभा इशारा' ही तुटकी जंत्री झाली. जागा वाचवायच्या घाईत असे मथळे येतात, तेव्हा तक्रार रास्तच आहे.

खरा धोका 'ची'चा. 'आमदारांची मारहाण' यात मारलं कुणी आणि मार कुणी खाल्ला? 'आमदारांना मारहाण' किंवा 'आमदारांकडून मारहाण' लिहिलं की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण काळाची: 'खानापूर रस्ता बंद' म्हणजे काल होता, आज आहे की उद्या असेल? तिथे 'उद्या' हा एक शब्द घालायलाच हवा.

ए-दचं म्हणाल तर ती उपपदं मराठीत मुळातच नाहीत. इंग्रजी मथळ्यातही गाळणं ठरावीक असतं. 'मिनिस्टर टू व्हिजिट बेळगावी' यातलं 'टू व्हिजिट' म्हणजे 'भेट देणार', आणि 'मॅन हेल्ड' म्हणजे माणूस धरला गेला, त्याने कुणाला धरलं नाही.

सगळेच मथळे वाक्यं असतात असं मात्र नाही. 'हवामान', 'आजचे बाजारभाव' या नुसत्या पाट्या. आणि निबंधात 'पोलिसांकडून दोघांना अटक' एवढंच लिहिलं तर शिक्षक गुण कापतील. ते त्यांचं बरोबर आहे, कारण तिथे 'कधी' आणि 'का' सांगायला पुढची ओळ मोकळी असते.