‘रिझॉल्व्ह’ म्हणजे डिलीट नव्हे

“क्लायंटला गूगल डॉक पाठवण्याआधी सगळ्या कमेंट रिझॉल्व्ह करा, सगळी सजेशन्स ॲक्सेप्ट करा, व्हर्जन हिस्टरी डिलीट करा आणि लिंक व्ह्यूअर ठेवून पाठवा. मागचे काहीच दिसणार नाही.”

अशा नेहमीच्या सल्ल्यातील पहिलीच सूचना सर्वाधिक फसवी आहे. रिझॉल्व्ह केलेली कमेंट समासातून निघून जाते, पण नष्ट होत नाही. वरच्या बाजूचे कमेंटचे चिन्ह दाबले किंवा `Ctrl+Alt+Shift+A` ही कळ वापरली, की ती संपूर्ण चर्चा लिहिणाऱ्यांच्या नावांसह आणि वेळेसह पुन्हा समोर येते. ज्यांना कमेंट किंवा एडिट करण्याची परवानगी आहे, त्यांना ती वाचता येते. आमच्याच एका प्रस्तावात “8 आठवड्यांत होईल, पण 12 सांगू” अशी सहकाऱ्याची कमेंट होती. ती रिझॉल्व्ह करून, एका तक्त्यात क्लायंटला स्वतःची माहिती भरायची होती म्हणून, आम्ही त्याला एडिटर केले. तक्ता भरून आला, आणि त्यासोबत ‘हे काम 8 आठवड्यांतच संपवता येईल ना?’ असा अतिशय नम्र प्रश्नही आला. कमेंट खरोखर काढायची असेल, तर तिच्या तीन टिंबांच्या मेनूतील `Delete` वापरावे लागते. मात्र त्या कमेंटची सूचना ज्यांच्या ईमेलवर आधीच गेली आहे, त्यांच्याकडील मेल त्यामुळे परत येत नाही.

सजेशन्सबाबतची सूचना अर्धी बरोबर आहे. ॲक्सेप्ट केल्यावर मजकूर स्वच्छ दिसतो खरा, परंतु त्या सजेशनखालील देवाणघेवाण रिझॉल्व्ह झालेल्या कमेंटप्रमाणेच मागे उरते. शिवाय डोळे मिटून सगळे एकदम ॲक्सेप्ट करणे हा वेगळाच धोका आहे, कारण एखाद्याने केवळ चर्चेसाठी सुचवलेला आकडाही त्यामुळे अंतिम मजकुरात शिरतो. `Tools` मधील `Review suggested edits` उघडून एकेका सजेशनचा निकाल लावणे वेळखाऊ वाटले, तरी नऊ-दहा पानांच्या दस्तऐवजाला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

व्हर्जन हिस्टरी डिलीट करण्याची सोय गूगल डॉक्समध्ये नाहीच. हा गैरसमज बहुधा गूगल ड्राइव्हमुळे पसरला असावा. तिथे अपलोड केलेल्या पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या काढून टाकता येतात, पण डॉक्समध्येच लिहिलेल्या दस्तऐवजाला ती सोय लागू होत नाही. हिस्टरी मागे सोडण्याचा सोपा मार्ग म्हणजे `File` मधील `Make a copy`. नव्या प्रतीची हिस्टरी प्रत काढल्या क्षणापासून सुरू होते.

मात्र इथेच क्रम चुकतो. बहुतेक जण आधी प्रत काढतात आणि मग त्या प्रतीत बसून अंतर्गत टिपा खोडतात. प्रत काढल्यानंतर खोडलेली प्रत्येक ओळ त्या प्रतीच्या हिस्टरीत नोंदली जाते, आणि एडिटर असलेला कोणीही `Ctrl+Alt+Shift+H` दाबून ती पाहू शकतो. म्हणून सजेशन्सचा निकाल, टिपा खोडणे आणि शेवटचे वाचन हे सर्व मूळ दस्तऐवजातच उरकावे व प्रत सर्वांत शेवटी काढावी. दस्तऐवजात टॅब असतील, तर तेही पाहून घ्यावेत. ‘अंतर्गत’ नावाचा टॅब प्रतीबरोबर निमूटपणे पुढे जातो. प्रत काढताना `Copy comments and suggestions` या चौकटीत खूण नसावी, आणि मूळ दस्तऐवज ज्यांना दिला होता त्यांनाच प्रत देण्याचा पर्यायही तपासावा. प्रत क्लायंटसोबत आधीच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नये, कारण फोल्डरची परवानगी प्रतीलाही लागू होते. त्यानंतर प्रतीतील कमेंटची यादी रिकामी आहे आणि हिस्टरीत जुनी आवृत्ती नाही, हे स्वतः उघडून पाहावे.

व्ह्यूअरला हिस्टरी दिसत नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते संरक्षण परवानगीपुरतेच टिकते. उद्या कोणी ‘एक ओळ दुरुस्त करायची आहे’ म्हणून एडिटचा अधिकार मागितला आणि घाईत तो मूळ दस्तऐवजावर दिला गेला, तर पहिल्या मसुद्यापासूनची हिस्टरी त्याच्यापुढे उघडते. क्लायंटला वर्डची `.docx` फाइल हवी असेल, तरी ती या स्वच्छ प्रतीवरूनच डाउनलोड करावी, कारण मूळ दस्तऐवजातील उघड्या कमेंट वर्डमध्ये कमेंट म्हणून आणि निकाल न लागलेली सजेशन्स ट्रॅक चेंजेस म्हणून जशीच्या तशी पोहोचतात.